घाई कोणाची?



गिरगावात किंवा लालबागेत ज्यांचे बालपण चाळीत गेले, त्यांना अनोळखी माणूस पारखण्याची एक रीत कोणी न शिकविताच अवगत झालेली असते. जिन्यावर नवा चेहरा दिसला की पहिल्या खोलीतील आजी विचारीत, "कोण पाहिजे आपल्याला?" तेथून तो पुढे सरकला तर गॅलरीत दुसरे कोणी विचारी, "कोणाकडे आलात? काय काम?" ज्याचे काम खरे असे, तो या तीन-चार प्रश्नांना उत्तरे देऊन मुक्कामी पोचे. ज्याचे खोटे असे, तो बहुधा दुसऱ्या मजल्याच्या आत "चुकून आलो" म्हणून परत फिरे.

आज अनोळखी माणूस जिना चढून येत नाही. तो फोनच्या पडद्यावर येतो आणि सर्व जिने, सर्व गॅलऱ्या टाळून एकदम आपल्या उशाशी येऊन बसतो. तेथे त्याला हटकणारे कोणी नाही. त्याने सांगितलेली हकीकत खरी की खोटी, हे घरबसल्या ठरविण्याचे साधनही बहुतेकांजवळ नसते. मग ओळखावे कसे? आज मला मांडावयाचा मुद्दा एवढाच आहे की, त्याची हकीकत तपासता आली नाही तरी संभाषणाची गती तपासता येते. घाई कोणाला आहे, ती केव्हा सुरू झाली, आणि आपण "थांबा" म्हटल्यावर काय झाले, या तीन गोष्टी पडद्यावर लिहिलेल्याच असतात. त्या वाचता आल्या म्हणजे पुष्कळसे काम होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालेले एक प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. मध्य मुंबईत राहणारे ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ. एप्रिल २०२३ मध्ये फेसबुकवर एका स्त्रीच्या नावाशी त्यांची ओळख झाली. पुढे ते बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. ती पतीपासून वेगळी राहते आणि मुले आजारी आहेत, असे सांगून पैशाची मागणी सुरू झाली. काही काळाने पहिलीची ओळख सांगत दुसरी स्त्री आली. मग तिसरी आली. तिने पहिलीची बहीण म्हणून निरोप पाठविला की पहिली वारली आणि रुग्णालयाचे बिल भरावयाचे आहे. गृहस्थांनी पैसे परत मागितले तेव्हा जीव देण्याची धमकी आली. त्यानंतर चौथी आली. जानेवारी २०२५ पर्यंत ७३४ वेळा पैसे पाठविले गेले आणि सुमारे ८ कोटी ७० लाख रुपये गेले. पुंजी संपली तेव्हा त्यांनी सुनेकडून दोन लाख घेतले आणि मुलाकडे पाच लाख मागितले. तेव्हा कोठे मुलाने विचारले, "कशासाठी?" चाळीच्या जिन्यावरचा हा पहिलाच प्रश्न एकवीस महिन्यांनी विचारला गेला.

या हकीकतीतील रकमेपेक्षा ७३४ हा आकडा मला अधिक बोलका वाटतो. एकवीस महिने म्हणजे सुमारे ६४० दिवस. याचा अर्थ सरासरीने रोज एकाहून अधिक वेळा पैसे गेले. खरी अडचण संपते. आजार बरा होतो, नाही तर माणूस जातो. बिल एकदा भरले जाते. जी निकड प्रत्येक वेळी पैसे पाठविताच नाहीशी होते आणि दुसऱ्या दिवशी नव्या कारणाने उभी राहते, ती निकड नसून मागणीचे वेळापत्रक असते. एकेक निरोप स्वतंत्रपणे वाचला तर हे दिसत नाही. वहीत तारीख, कारण आणि रक्कम असे तीनच रकाने आखले असते, तर पहिल्या पानावरच ते दिसले असते.

आता यातील तीन हत्यारे वेगळी करून पाहू. स्तुती, घाई आणि दडपण, अशी ती आहेत. ही तीन सुटी सुटी नसतात, तर एकीने दुसरीची वाट तयार केलेली असते. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण पायऱ्या मात्र गुंतवणुकीच्या फसवणुकीत हमखास आढळणाऱ्या आहेत.

परळला राहणारे एक निवृत्त कारकून आहेत, असे समजा. एके सकाळी त्यांना निरोप येतो, "नमस्कार डॉक्टरसाहेब, उद्याची वेळ नक्की ना?" ते उत्तर देतात की आपण डॉक्टर नव्हे, नंबर चुकला आहे. लगेच उत्तर येते, "क्षमा करा. पण आपण किती सौजन्याने कळविलेत! हल्ली लोक उत्तरसुद्धा देत नाहीत." येथे स्तुतीचा पहिला हप्ता पडला. पुढे दोन-तीन आठवडे पैशाचा शब्दही निघत नाही. प्रकृतीची विचारपूस होते, गणपतीचे फोटो येतात, आणि मधूनमधून असे एखादे वाक्य येते, "आपण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारे दिसता. अशी माणसे आता दुर्मिळ."

स्तुती सर्वांनाच आवडते, आणि ती करणारा प्रत्येक जण ठक नसतो. मग भेद कसा करावा? दोन गोष्टी पाहाव्या. पहिली ही की, ज्या गुणाची स्तुती होत आहे तो पाहण्याची संधी त्या माणसाला मिळाली होती काय? चार ओळींच्या निरोपावरून कोणाची निर्णयशक्ती कळत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ठकाची स्तुती ही आगाऊ दिलेली रक्कम असते आणि ती पुढे व्याजासह वसूल होते. "स्वतः निर्णय घेणारे" ही पदवी आज का दिली, ते महिन्याने समजते. आपले कारकून म्हणतात, "मुलाला विचारून सांगतो." त्यावर उत्तर येते, "आपल्यासारखा अनुभवी माणूससुद्धा मुलाची परवानगी घेतो, हे वाचून आश्चर्य वाटले." ज्या गुणाची स्तुती केली, तोच गुण सल्ला घेण्याची वाट अडविण्यासाठी उभा केला जातो. म्हणून स्तुती ऐकताना मनाशी विचारावे की, ही पदवी मी स्वीकारली तर उद्या मला कोणती गोष्ट करणे अवघड होईल?

आता व्यवहार सुरू होतो. कारकुनांना शेअरबाजाराविषयीच्या एका गटात घेतले जाते. गटात शंभरएक माणसे रोज आपापल्या नफ्याचे आकडे टाकतात. त्यांतील बहुतेक नावांमागे ठकाचीच माणसे असतात. एका दुव्यावरून एक अ‍ॅप उतरवून घ्यावयास सांगितले जाते. पहिले दहा हजार रुपये भरले की पडद्यावर साडेअकरा हजार दिसतात, आणि वरचे दीड हजार काढू म्हटले तर ते खरोखरच बँकेत जमा होतात. हे दीड हजार फार महत्त्वाचे आहेत. "पैसे परत मिळतात, मी स्वतः काढून पाहिले," अशी खात्री त्यांतून विकत घेतली जाते. त्या खात्रीवर कारकून दोन लाख भरतात आणि पडद्यावर ते वाढू लागतात.

आणि मग घाई येते. एका दुपारी दोन वाजता निरोप येतो, "एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात येण्यापूर्वी आपल्या गटासाठी संस्थेच्या कोट्यातून राखून ठेवले आहेत. पाच लाख, आज चार वाजेपर्यंत. नंतर यादी बंद."

मुदत असणे हे काही फसवणुकीचे लक्षण नव्हे. विजेच्या बिलाला मुदत असते, परीक्षेच्या अर्जाला असते. चाळीतल्या भिशीलाही असते. पण भिशीची तारीख सर्वांना आधीपासून ठाऊक असते, सर्वांसाठी एकच असते आणि चुकली तर काय होईल तेही सर्वांना माहीत असते. खरी मुदत ही अशी सार्वजनिक असते. ती आपल्याला सांगणारा माणूस नाहीसा झाला तरी दुसरीकडे ती छापलेली सापडते. खोटी मुदत मात्र आपल्यापुरतीच असते. ती त्या एका निरोपाखेरीज कोठेही लिहिलेली नसते, आणि आपण कां-कूं करू लागलो की तेव्हाच तिचे घड्याळ चालू होते. तिची परीक्षा सोपी आहे. चार वाजून जाऊ द्यावे. पाच वाजता बहुधा निरोप येतो, "खास आपल्यासाठी सहापर्यंत वेळ मागून घेतला आहे." खरी यादी चारला बंद झाली असती. सरकलेली मुदत ही तिच्या खोटेपणाची कबुलीच होय.

या उदाहरणात घाईच्या आड लपलेली एक गोष्टही सांगितली पाहिजे. कंपनीचे शेअर प्रथम विक्रीस येतात तेव्हा सामान्य अर्जदाराचे पैसे कोणाच्या खात्यात जात नाहीत. ते त्याच्याच बँकखात्यात अडवून ठेवले जातात आणि शेअर मिळाले तरच वळते होतात. किरकोळ अर्जदारासाठी अर्जाची मर्यादा दोन लाखांची आहे, आणि संस्थांचा कोटा फोनवरच्या गटाला वाटता येत नाही. हे कळावयास एखाद्या जाणत्या माणसाशी किंवा आपल्या बँकेत दहा मिनिटे बोलणे पुरते. दोन तासांची मुदत घातली जाते ती नेमकी ही दहा मिनिटे मिळू नयेत म्हणून. पैसे कोठे भरावयास सांगितले, तेही पाहावे. नोंदणीकृत दलालाच्या नावाऐवजी कोण्या भलत्याच व्यापाऱ्याच्या किंवा व्यक्तीच्या खात्यात भरावयास सांगितले, आणि दर वेळी खाते बदलले, तर आणखी पुराव्याची गरज नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत दलाल व म्युच्युअल फंड यांच्यासाठी @valid हा शब्द असलेले यूपीआय पत्ते सुरू केले आहेत, ते एवढ्याचसाठी.

कारकून पाच लाख भरतात. पडद्यावर आता अठरा लाख दिसतात. प्रत्यक्षात त्यांनी भरले सात लाख दहा हजार आणि हाती आले दीड हजार. ते पैसे काढावयास जातात, आणि येथे तिसरे हत्यार निघते. निरोप येतो, "एकूण रकमेवरील कर म्हणून वीस टक्के, म्हणजे तीन लाख साठ हजार, आधी भरावे लागतील. चोवीस तासांत न भरल्यास खाते गोठेल आणि आयकर खात्याला कळविले जाईल." कालपर्यंत गोड असलेला आवाज आज कचेरीचा झाला. शेअरच्या नफ्यावरील कर गुंतवणूकदार स्वतः सरकारकडे भरतो, दलालाच्या खात्यात नव्हे, हे क्षणभर बाजूला ठेवू. हे ठाऊक नसलेल्या माणसालाही एक प्रश्न विचारता येतो. त्याने लिहावे, "माझे अठरा लाख आपणापाशी आहेतच. त्यांतून तीन लाख साठ हजार कापून घ्या आणि उरलेले चौदा लाख चाळीस हजार पाठवा."

या एका वाक्यावर साऱ्या व्यवहाराची कसोटी लागते. ज्याच्याजवळ आपले पैसे खरोखर आहेत त्याला कापून घेण्यास अडचण नसते. बँक, पतपेढी, दलाल, सर्वांचे शुल्क असेच वजा होते. ठकाला मात्र ते शक्य नाही, कारण अठरा लाख नाहीतच. पडद्यावर एक आकडा आहे, एवढेच. म्हणून तो नियम सांगेल, रागावेल, किंवा "मी माझ्या खिशातून अर्धे भरतो, आपण अर्धे भरा," असे म्हणून उपकाराचे ओझे टाकील. जीव देण्याची धमकी, पोलिसांची भीती, रुसवा आणि उपकार ही चारही दडपणाचीच रूपे आहेत. त्यांची खूण एकच. आपण व्यवहाराविषयी प्रश्न विचारतो आणि उत्तर आपल्या स्वभावाविषयी येते. "खाते कोणाच्या नावावर आहे?" असे विचारल्यावर "आपला माझ्यावर विश्वास नाही का?" असे उत्तर आले, तर उत्तर मिळालेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

घाई नेहमी पडद्यावरच असते असेही नाही. दादरमध्ये फेब्रुवारी २०२४ च्या सुमारास टोरेस नावाने दागिन्यांची एक झगमगीत पेढी उघडली आणि खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला ठरावीक टक्के परतावा मिळू लागला. वर्षाच्या अखेरीस हा दर अकरा टक्क्यांपर्यंत नेण्यात आला, पण ५ जानेवारीपर्यंत पैसे भरणाऱ्यांसाठीच. आठवड्याला अकरा टक्के म्हणजे दहा आठवड्यांच्या आत मुद्दलाइतके व्याज. ६ जानेवारी २०२५ रोजी पेढी बंद आढळली, दारात गर्दी लोटली आणि शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. न्यायालयात जे ठरावयाचे ते ठरेल. आपल्यापुरता बोध असा की, "घाई करा" असे आपल्याला सांगितले जाते तेव्हा उशिरामुळे नुकसान कोणाचे होणार, हे उलटे करून पाहावे. पाच तारखेची मुदत गुंतवणूकदाराच्या हिताची नव्हती.

येथे कोणी शंका घेईल की, मग खऱ्या गरजवंताचे काय? परळकरांना ही शंका यावीच. केईएम, टाटा आणि वाडिया या रुग्णालयांच्या आसपासच्या पदपथांवर बाहेरगावाहून आलेले नातेवाईक आपण रोज पाहतो आणि त्यांची निकड खरी असते. पण खऱ्या निकडीत आणि खोट्या निकडीत फरक करण्याचा मार्गही तेथेच आहे. रुग्णाचे नाव, रुग्णालय आणि वॉर्ड विचारावा. रुग्णालयाचा नंबर निरोपातून न घेता स्वतः शोधून त्यावर चौकशी करावी. देणे असेल ते रुग्णाच्या नावाने रुग्णालयाच्या खिडकीवर भरावे, किंवा तेथील समाजसेवकाला भेटावे. ज्याच्या घरचे माणूस खाटेवर आहे, त्याला पैसे कोणत्या वाटेने पोचले याचे सोयरसुतक नसते. ज्याला पैसे आपल्याच खात्यात आणि आत्ताच हवे असतात, तो रुग्णालयाचे नाव काढताच विषय बदलतो.

या परीक्षेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सगळेच ठक घाई करीत नाहीत. काही जण महिनोन् महिने सबुरीने वागतात, आणि अशा संभाषणाचा कोणताही एक दिवस पाहिला तर तो निर्दोष दिसतो. तेथे वहीचे तीन रकाने कामी येतात, किंवा सारे संभाषण पहिल्यापासून घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचावयास देणे. "हे कोणाला दाखवू नका" अशी अट असेल, तर तीच दाखविण्याचे कारण समजावी.

शेवटी एक विचित्र गोष्ट. पैसे जाईपर्यंत ज्याला क्षणाचीही फुरसत नव्हती, तो पैसे गेल्यावर एकदम संथ होतो. "अठ्ठेचाळीस तास थांबा, रक्कम येईल. बँकेला कळवू नका, नाही तर अडकेल." घाईने येथे बाजू बदलली. गेलेले पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून काही तासांतच तुकडे होऊन पुढे सरकतात आणि शेवटी रोख किंवा आभासी चलन होऊन हाताबाहेर जातात. जोवर ते एखाद्या खात्यात आहेत तोवरच ते रोखता येतात. म्हणून या साऱ्या प्रकरणात खरी निकड एकच असते आणि ती आपली असते. तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे, आणि cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि पलीकडचे खाते हाताशी ठेवावे. संभाषण पुसू नये, कारण तोच पुरावा आहे. असे केल्याने पैसे परत मिळतीलच असे नाही, पण उशिराने केलेल्या तक्रारीत ती शक्यता दर तासाला घटते. पुढे कोणी "गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा," म्हणून आला, तर तो त्याच घरचा दुसरा पाहुणा समजावा.

शरमेने पुष्कळ लोक हे तास घालवितात. एवढी शिकलीसवरली माणसे आपण, हसे होईल, असे वाटते. पण जिन्यावरून चढून येणाऱ्याला चार घरांनी मिळून अडविले होते. खोलीत एकट्याला गाठले गेले, तर तो दोष एकट्याच्या बुद्धीचा नव्हे. आता पहिल्या खोलीतील आजीचा प्रश्न आपणच विचारावयास हवा. अनोळखी माणसाने पैसे मागितले की लिहावे, "उद्या चौकशी करून सांगतो." आणि पलीकडून काय उत्तर येते ते शांतपणे वाचावे. खरा माणूस उद्यापर्यंत थांबतो.